दोनशेचं फ्लीस आणि गोळ्यांचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत मी पहाटे पावणेसहाला चांदोरीहून स्कूटर काढते. अंबडच्या एमआयडीसीत सातची शिफ्ट असते, रस्ता जवळजवळ तासाभराचा. गोदाकाठची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. निफाडचा पारा दर वर्षी बातम्यांत येतो, आणि त्या दिवसांत आमच्याकडे द्राक्षबागेत मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर शेकोट्या पेटवलेल्या असतात. पण हीच थंडी अकरा वाजेपर्यंत पळून जाते. दुपारी परत निघताना ऊन चटकतं आणि सकाळी अंगावर चढवलेलं सगळं डिकीत कोंबावं लागतं. म्हणजे मला हवा होता तो कपडा आत कुर्ता किंवा टी-शर्ट आणि वर विंडचीटर यांच्या मधला. पहाटे ऊब देणारा, आणि दुपारी डब्याशेजारी डिकीत बसणारा.

गेल्या वर्षी एका सेलच्या मांडवातून मी फ्लीसचं जॅकेट घेतलं. जाडजूड, दोन्ही बाजूंनी लव फुललेली, हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखं मऊ. विकणारा म्हणाला, तीनशेचं आहे, याच्यावर गरम काही नाही. मला तेव्हा तीनशे म्हणजे काय ते माहीत नव्हतं. जाड ते उबदार, एवढंच गणित मनात होतं, म्हणून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात ते गणित चुकलं. जॅकेट एवढं जाड आहे तर वर विंडचीटर कशाला, म्हणून तसंच घालून निघाले. शिलापूरच्या पुढे मोकळ्या रस्त्याला लागल्यावर छातीतून आरपार वारा जायला लागला. घरात उभं राहिलं की घाम फोडणारं तेच जॅकेट गाडीवर जाळीसारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी वरून विंडचीटर चढवायला गेले तर बाह्या आत शिरेनात, काखेत सगळा बोळा झाला, हॅण्डल धरताना कोपर नीट वाकेना. शिफ्टवर पोहोचेपर्यंत आतला कुर्ता पाठीला चिकटलेला. आणि दुपारी डिकीचं झाकण लागेना, म्हणून ते जॅकेट पायाशी पिशवीत ठेवून परत आले.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. जिव्हारी लागलं ते दुसरंच. महिना व्हायच्या आत जॅकेटला गोळे आले. आधी काखेत, मग डाव्या खांद्यावर पर्सचा पट्टा जातो तिथे, मग मनगटाला हातमोज्याच्या कडेशी. जानेवारी संपेपर्यंत ते पाच वर्षं वापरल्यासारखं दिसत होतं. नव्या कपड्याचे पैसे मोजून जुना कपडा अंगावर घालायचा, याचं फार वाईट वाटलं.

एका रविवारी उन्हात बसून मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून एक गोळा नीट पाहिला. लांबून तो कापडावर चिकटलेल्या कचऱ्यासारखा दिसतो, पण तो चिकटलेला नव्हता. बाजरीच्या दाण्याएवढी, केसांच्या गुंत्यासारखी गुंडाळी होती आणि तिला खाली तीन-चार तंतूंचा देठ होता. तो देठ कापडाच्या आत गेलेला. चिमटीत धरून ओढलं तर तुटेना. उलट देठाबरोबर आतून आणखी लव सरकत बाहेर आली. मग मी नवऱ्याच्या दाढीच्या रेझरने सगळे गोळे काढले. जॅकेट दोन दिवस छान दिसलं. पंधरा दिवसांत तिथेच पुन्हा गोळे, आणि काखेतलं कापड उजेडात धरलं तर विणीची जाळी दिसायला लागली होती. गोळा कापताना मी कापडाची लवच कापत होते आणि खालून नवी लव वर येत होती.

माझा मामेभाऊ इचलकरंजीत टेक्स्टाइल शिकला आणि आता लुधियानाला होजिअरीच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. दिवाळीला तो आला तेव्हा ते जॅकेट मी त्याच्यासमोर टाकलं. त्याने आत-बाहेर बघितलं, काखेत बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, हे धुता कसं?"

मी म्हटलं, "मावशी धुतात. दगडावर, ब्रशने."

"सगळ्या कपड्यांबरोबर?"

"हो. जीन्स, टॉवेल, सगळं एकाच बादलीत भिजतं."

तो जमिनीवरच बसला आणि फ्लीस बनतं कसं ते मला समजावून सांगितलं. ते ऐकल्यावर माझ्या डोक्यातला गोंधळ सुटला. फ्लीस हे मुळात विणलेलं पॉलिस्टरचं कापड. विणून झालं की बारीक तारांचे दात असलेल्या रुळांवरून ते फिरवतात. ते दात कापडातले फास ओढून, तोडून वर काढतात, त्याची लव होते. मग ती लव कातरून सारखी करतात. या उभ्या लवेत हवा अडकून राहते आणि ऊब त्या हवेची असते. पण जेवढं जास्त खरवडाल तेवढी लव जास्त फुलते आणि तेवढेच सुटे तंतू जास्त तयार होतात. हलक्या कापडाला जास्त खरवडून जाड दाखवता येतं. दुकानात हाताला ते फार मऊ लागतं. माझं जॅकेट मला आवडलं होतं ते नेमकं याच कारणाने.

गोळे होतात ते या सुट्या तंतूंचे. घासलं की तंतू वर येतात, एकमेकांत गुंततात, आणखी घासलं की त्यांची गुंडाळी होते. लोकरीच्या स्वेटरलाही गोळे येतात, पण लोकरीचा तंतू कमजोर, त्यामुळे देठ तुटून बरेचसे गोळे आपोआप गळून जातात. पॉलिस्टरचा तंतू चिवट. देठ तुटतच नाही, म्हणून गोळा कापडावरच बसून राहतो. जो गुण कपडा टिकवतो तोच गोळाही टिकवतो, हे ऐकून मी थोडी चक्रावलेच.

धाग्याचाही फरक असतो. काही फ्लीस तुकड्या-तुकड्यांच्या तंतूंना पीळ देऊन केलेल्या धाग्याचं असतं, काही लांब सलग धाग्याचं. तुकड्यांचे तंतू घासल्यावर सहज निसटून वर येतात. सलग धाग्याचं टोक विणीत खोल अडकलेलं असतं, ते लवकर सुटत नाही. लेबलवर मात्र दोन्हींना '१०० टक्के पॉलिस्टर' एवढंच लिहिलेलं असतं. तेव्हा लेबल वाचून काही कळत नाही, कापडच हातात घेऊन बघावं लागतं.

मग वजनाकडे आलो. शंभर, दोनशे, तीनशे हे आकडे म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जीएसएम. १९७९मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या माल्डेन मिल्सने पोलरफ्लीस नावाने हे कापड आणलं. पुढे त्याच गिरणीच्या पोलरटेक ब्रँडमुळे १००, २००, ३०० ही वाटणी रूढ झाली. गोळ्यांचं दुखणंही तेवढंच जुनं. त्या गिरणीने पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीबरोबर काम करून आधीच्या गोळे धरणाऱ्या कापडाऐवजी दोन्ही बाजूंनी लव असलेलं, गोळे न धरणारं कापड तयार केलं आणि १९८५मध्ये ते सिंचिला नावाने बाजारात आलं. म्हणजे दोन्ही बाजूंना लव आहे म्हणून फ्लीस वाईट, असं नाही. प्रश्न लव कशी धरून ठेवली आहे याचा आहे.

भावाने मला एक गोष्ट दोनदा बजावली. जीएसएम म्हणजे कापड किती भरलं आहे ते, किती गरम आहे ते नव्हे. ऊब लवेच्या उंचीत अडकलेल्या हवेची, आणि ती हवा वाऱ्याने हलली की ऊब गेली. म्हणून तीनशेचं फ्लीसही मोकळ्या वाऱ्यात एकटं टिकत नाही आणि शंभरचं फ्लीस वर वारा अडवणारं काही असेल तर आश्चर्य वाटेल इतकं काम करतं. किती वजनाचं घ्यायचं हे त्याच्यावर काय घालणार, यावरून ठरवायचं. मी नेमकं उलटं केलं होतं. विंडचीटरच्या ऐवजी म्हणून मी वजन वाढवत गेले होते.

यंदा घाई केली नाही. नोव्हेंबरात पारा बाराच्या आसपास होता तेव्हा नणंदेचं शंभरचं पातळ फ्लीस चार दिवस मागून घेतलं आणि वरून विंडचीटर घातलं. बारा अंशांना ते पुरलं, शिफ्टवर पोहोचले तेव्हा अंग कोरडं होतं. मग एका पहाटे नऊ अंश होते. पन्नासच्या वेगाने जाताना नऊ अंश उघड्या कातडीला चार अंशांसारखे लागतात. विंडचीटरने वारा अडवला तरी आडगावच्या पुढे दंडांना आणि पोटाला थंडी जाणवायला लागली. आत दोन कुर्ते घालून निभावलं, पण मग तेच जड झालं. त्यावरून ठरवलं की आमच्याकडच्या थंडीला, तासभराच्या गाडीच्या प्रवासाला, वर विंडचीटर धरून, दोनशे बरोबर. ज्यांना दहा मिनिटं चालत स्टँडवर जाऊन एसटीत बसायचं आहे त्यांना शंभर पुरेल. तीनशे मी फक्त अशा माणसाला घ्यायला सांगेन जो पहाटे एका जागी उभा राहतो, म्हणजे वॉचमन किंवा भाजी मार्केटला मालाची वाट बघणारा. हालचाल करणाऱ्याला त्यात घाम येतो, आणि घामाने ओला झालेला कुर्ता थंड वाऱ्यात अंगाला चिकटला की आणखी वाईट.

नाशिकला मेन रोडवर तीन दुकानं फिरले. भावाने सांगितलेलं तीन गोष्टींत करून बघत होते. पहिली, कापड एकेरी धरून त्याच्यामागे मोबाइलचा टॉर्च लावायचा. ज्यात विणीची जाळी मोठाली आणि विरळ दिसली ते बाजूला ठेवलं, वरून कितीही फुगीर असो. दुसरी, आतली लव चिमटीत धरून हलकेच ओढायची. एका जॅकेटचे दोन चिमटींत बोटांवर तंतू आले, दुसऱ्याचा एकही आला नाही. तिसरी, कापडाचे दोन भाग एकमेकांवर ठेवून अंगठ्याने पन्नास वेळा गोल-गोल घासायचे. हे करताना दुकानदार बघत होता, पण मी सांगितलं की गेल्या वर्षी फसले आहे, तर त्यानेच स्टूल दिलं. ज्याची लव पन्नास घासण्यांत पिंजल्यासारखी उठून गुंतायला लागली, त्याचे पुढे गोळेच होणार. ही काही कारखान्यातली चाचणी नव्हे. तिथे यंत्रावर कापडावर कापड हजारो वेळा घासतात आणि मग ठरलेल्या फोटोंशी ताडून पाच ते एक असा दर्जा देतात. पाच म्हणजे गोळेच नाहीत, एक म्हणजे कापडभर गोळे. 'अँटीपिल' असा नुसता शिक्का असला आणि दर्जा विचारल्यावर कोणालाच सांगता येत नसेल तर त्या शिक्क्यावर विसंबू नये, असं भाऊ म्हणाला होता. मी विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही. त्यामुळे अंगठ्यावरच भरवसा ठेवला.

शेवटी जे घेतलं ते आतून लव असलेलं आणि बाहेरून जवळजवळ सपाट, बारीक विणीचं आहे. अर्धी चेन, खिसे नाहीत. आधी ते मला गरीब दिसलं, खरं सांगते. गेल्या वर्षीच्या गुबगुबीत जॅकेटशेजारी ते अगदीच साधं वाटत होतं. पण विचार केला तर घासलं जाणार ते बाहेरून, विंडचीटरच्या अस्तराने आणि पर्सच्या पट्ट्याने. तिथे लवच नसेल तर गुंतणार काय? आणि ऊब द्यायची ती लव आत, जिथे कुर्त्याशी तिचं घर्षण कमी. सपाट बाजूचा आणखी एक फायदा दुसऱ्या दिवशी कळला. विंडचीटरच्या बाह्या त्यावरून सरकन चढतात, बोळा होत नाही.

लेबलवर वजन नव्हतं. दुकानदार दोनशे म्हणाला, पण तीनशेही मला असंच तोंडी सांगितलेलं होतं. सात दिवसांत बदलून मिळणार होतं म्हणून घरी आल्यावर हिशेब केला. कारखान्यात गोल कटरने बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापून तिचं वजन करतात, पण नवा कपडा कोण कापणार? मी कपडा पाटावर पसरून मोजला. छाती ५६ सेंटिमीटर, लांबी ७०, पुढचं आणि मागचं मिळून ०.७८ चौरस मीटर. बाही लांबीला ६२, पसरलेली रुंदी सरासरी १९, दोन्ही बाजू आणि दोन्ही बाह्या धरून ०.४७. कॉलर दुहेरी, ०.०७. एकूण १.३२च्या आसपास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ३१० ग्रॅम. चेन, शिवणीत दुमडलेलं कापड आणि कडेची पट्टी यांचे अंदाजे ४० ग्रॅम वजा केले. उरलेले २७० भागिले १.३२, म्हणजे साधारण २०५. पाच-दहा टक्के इकडे-तिकडे होणारच, पण दोनशेचं आहे एवढी खात्री पटली. मग जुनं जॅकेटही तसंच मोजलं. खिसे आणि दोन चेन वजा करून ते २३०च्या आत भरलं. तीनशे नव्हतंच ते. लव फुलवून तीनशेएवढं दिसत होतं.

धुण्याचं मात्र मीच हातात घेतलं. मावशींना समजावून सांगितलं की यात त्यांची चूक नव्हती, त्या सगळेच कपडे नीट घासून स्वच्छ करतात, पण या कापडाला ब्रश म्हणजे कारखान्यातले तारेचे रूळ पुन्हा एकदा फिरवण्यासारखं आहे. आता फ्लीस उलटं करून, चेन लावून, जाळीच्या पिशवीत घालते आणि मशीनच्या नाजूक कपड्यांच्या सायकलवर गार पाण्यात धुते. सोबत ओढण्या किंवा तसेच हलके कपडे. जीन्स आणि टॉवेल कधीच नाही, कारण जीन्सचं कापड ओल्या फ्लीसवर घासकागदासारखं चालतं, आणि टॉवेलची सुटी लव फ्लीसच्या लवेत अडकून नव्या गोळ्याला सुरुवात करून देते. कपडे मऊ करायचं द्रव घालत नाही. त्याने तंतू निसरडे होतात आणि निसरडा तंतू विणीतून लवकर बाहेर येतो. वाळायला सावलीत दोरीवर दोन तास पुरतात. आणि रोज धुवायची गरज नसते. ते कातडीला लागत नाही, आठ-दहा दिवसांनी एकदा धुतलं तरी वास येत नाही. हा बदल सगळ्यात सोपा होता आणि मला वाटतं सगळ्यात कामाचाही.

आता फेब्रुवारी संपत आला. रविवार आणि सुट्ट्या सोडून जवळजवळ साठ दिवस घातलं, सहा वेळा धुतलं. काख स्वच्छ आहे. मनगट स्वच्छ आहे. आतली लव पाठीवर थोडी चेपली आहे, तिथे ऊब किंचित कमी झाली असावी, पण गाडीवर जाणवत नाही. डाव्या खांद्यावर मात्र सात-आठ बारीक गोळे आले आहेत, मोजले मी. पट्टा तिथेच जातो आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तिथेच घासतो. म्हणजे सपाट बाजू असली तरी एकाच जागी रोज घासलं तर तिचंही काही चालत नाही. ते रेझरने काढले नाहीत. बारीक कात्रीने एकेकाचा देठ कापला, कापडाला धार लागू न देता. आणि पर्स आता डिकीत ठेवते, डब्याशेजारी. दुपारी फ्लीसची गुंडाळी करून तिच्यावर ठेवली तरी झाकण लागतं.

जुनं जॅकेट आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मागून घेतलं होतं. बागेत रात्री शेकोट्या पेटवायला जाताना ते घालायचे. दुसऱ्याच रात्री ठिणगी उडाली आणि बाहीला बोटभर भोक पडलं, कडेने वितळून कडक झालेलं. लोकर असती तर जरा करपून विझली असती, पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटलं तर भाजतं. सुदैवाने आत जाड बंडी होती. आता ते जॅकेट घरातच असतं, सासूबाई पहाटे चुलीपासून लांब बसून माळ ओढताना अंगावर घेतात. आबा बागेत पुन्हा घोंगडी घेऊन जातात.